एका गाडीत दोन चालक

खडकवासल्याहून हैदराबाद सुमारे ५७० किलोमीटर. भाचीचा निकाह मगरिबनंतर, आणि गाडीत गुडघे दुखणाऱ्या अम्मी. घरात भाईजान आणि त्यांचा मुलगा असे दोघे गाडी चालवणारे आहेत, म्हणून आम्ही निघण्याआधी कागदावर हिशेब मांडला.

दोघे चालक असले म्हणून गाडी काही लवकर पळत नाही. चाके फिरण्याचे आठ तास लागणारच. फायदा एवढाच की एकाची विश्रांती गाडी चालू असताना होते. एकट्या माणसाला त्यासाठी गाडी उभी करावी लागते. पण प्रत्येक अदलाबदलीला दहा मिनिटे जातात: रस्ता सोडणे, आरसे आणि सीट जुळवणे, पुन्हा रस्त्याला लागणे. त्यात मुले खाली उतरली की वीसही होतात!

दर तासाला बदल केला तर आठ तासांत सात वेळा थांबावे लागते, म्हणजे सत्तर मिनिटे. दर दोन तासांनी केला तर तीनच वेळा, म्हणजे तीस. मग चार तासांनी एकदाच का नको? दहा मिनिटांतच भागेल, असे आमच्या पुतण्याचे म्हणणे होते. कागदावर ते बरोबर. पण नाश्ता, डिझेल आणि जोहर तरी चुकते का?

म्हणून आम्ही बदल याच थांब्यांवर बसवले. फजरनंतर सहाला निघायचे. आठला भिगवणच्या आसपास नाश्ता, अर्धा तास. साडेदहाला सोलापूरला डिझेल, दहा मिनिटे. बारा चाळीसला हुमनाबादजवळ जोहर (प्रवासात कसर, चारच्या जागी दोन रकअत) आणि जेवण, चाळीस मिनिटे. शहरातल्या गर्दीने घोळ घातला नाही, तर तीन वीसला हैदराबाद. चार तासांनी एकच बदल केला असता तरी हे तीन थांबे राहिलेच असते, म्हणजे पोहोचायची वेळ तीच; फक्त चालक जास्त थकले असते. दर तासाच्या बदलाने मात्र चार थांबे वाढून चार वाजले असते.

व्यवसायाने वाहन चालवणाऱ्यांसाठी १९६१ च्या कायद्यात सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. घरच्या गाडीला आम्हाला दोन तासच बरे वाटतात. ठरलेल्या वेळेआधी जांभया येऊ लागल्या, मागची दोन-चार किलोमीटर आठवेनाशी झाली किंवा गाडी पट्टा सोडू लागली, तर घड्याळ बघू नये. पुढच्या पंपावर बदल करावा. महामार्गाच्या कडेला उभे राहून मात्र कधीच नाही.

आणखी एक गोष्ट. मागे झोपलेल्याला उठवून लगेच स्टिअरिंगवर बसवू नये. थांब्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी त्याला जागे करावे, पाणी द्यावे. आमच्याकडे हे काम अम्मींनी घेतले आहे, आणि त्यांच्या हाकेपुढे कोणाची झोप टिकत नाही.