पत्र शेवटच्या पानापासून वाचा

जर्मनीत नोकरीसाठी गेलेल्या माणसाला पहिल्या वर्षी सर्वांत जास्त धाकात ठेवते ती थंडी नव्हे, टपालपेटी. बँक, विमा कंपनी, घरमालक, नगरपालिका, कर कार्यालय, सगळे कागदावरच बोलतात. इमेलवर आयुष्य काढलेल्या पुण्या-मुंबईच्या अभियंत्याला आधी याची गंमत वाटते. मग एक दिवस करखडकी पाकीट येतं. आत पाच-सहा पानं, बारीक टाइप, आणि भाषांतराच्या ॲपवर घातलं तरी वाक्यं वाक्यांसारखी लागत नाहीत. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर मग त्याचा फोटो पडतो आणि खाली प्रश्न असतो, "यात पैसे मागितलेत की दिलेत?"

प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला नाही. पहिला प्रश्न असा, की हे पत्र ‘बेशाइड’ आहे का? बेशाइड म्हणजे सरकारी कार्यालयाचा तुमच्याबाबतचा औपचारिक निर्णय. माहितीपत्रक बाजूला ठेवलं तरी चालतं. बेशाइड बाजूला ठेवला तर तो ठरलेल्या मुदतीनंतर पक्का होतो, मग त्यातला आकडा चुकीचा असला तरी. म्हणून तिथे मुरलेली माणसं नव्या माणसाला एक उलटी सवय लावतात: पत्र मागून वाचायला घ्या. अगदी शेवटी हरकतीच्या हक्काचा परिच्छेद असतो. त्याचं नाव ‘रेख्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग’, आणि मराठी माणसाने ते एका दमात म्हणून दाखवलं तर त्याचं कौतुक व्हायला हवं. हरकत कुठे, कशी आणि किती दिवसांत घ्यायची, हे तिथे लिहिलेलं असतं. हा परिच्छेद असेल, तर हातातला कागद जवळपास नक्की निर्णयच आहे. निर्णय असून तो नसेल किंवा चुकीचा असेल, तर करप्रकरणात साधारणपणे एक महिन्याऐवजी एक वर्षाची मुदत मिळते.

प्राप्तिकराचा बेशाइड हे याचं उत्तम उदाहरण, कारण तो नोकरदारांपैकी पुष्कळांच्या वाट्याला येतो आणि नवख्यांची चूक त्यात ठरावीक जागी होते.

समजा, पुण्यातला एक अविवाहित सॉफ्टवेअर अभियंता 1 जुलै 2024ला स्टुटगार्टला रुजू झाला. उरलेल्या सहा महिन्यांत त्याचं जर्मन करपात्र उत्पन्न 30,000 युरो झालं. कंपनीने दर महिन्याला पगारातून कर कापला, एकूण सुमारे 7,300 युरो. ही कपात तो वर्षभर तेवढंच कमावतोय असं धरून होते, म्हणून वर्षाच्या मध्ये आलेल्याचा कर जास्त कापला जातो. सहकाऱ्यांनी सांगितलं, "विवरणपत्र भर, पैसे परत मिळतील." त्याने गणित केलं: 30,000 युरोंवर कर सुमारे 4,400, म्हणजे 2,900 युरो परत.

इथे एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली. भारतात जानेवारी ते जून मिळालेल्या पगारावर जर्मनी कर घेत नाही, पण जर्मन उत्पन्नाला कराचा दर कोणता लावायचा हे ठरवताना तो पगार मोजते. या तरतुदीला ‘प्रोग्रेसिऑन्सफोरबेहाल्ट’ म्हणतात. भारतातले सहा महिन्यांचे 8,000 युरो धरले, तर दर 38,000 युरो कमावणाऱ्याचा लागतो, आणि लागतो तो फक्त 30,000 युरोंवर. कर होतो सुमारे 5,400. परतावा 2,900 वरून 1,900 वर येतो. हे कायदेशीर आहे. त्यावर हरकत घेऊन काही हाती लागत नाही.

मात्र त्याच्या बेशाइडमध्ये परतावा आला सुमारे 800 युरो. पैसे परतच मिळत असल्याने अनेक जण इथेच पत्र फायलीत लावतात. खरं तर पुढे जाऊन दोन ठिकाणं वाचायची असतात. एक, हिशेबाच्या पानावरची ती ओळ, जिथे दर ठरवण्यासाठी धरलेलं परदेशी उत्पन्न लिहिलेलं असतं. दुसरं, ‘एरलॉयटेरुंगेन’ या मथळ्याखालचा स्पष्टीकरणाचा भाग. तुम्ही भरलेल्या आकड्यांपासून कार्यालय कुठे वेगळं गेलं आणि का, हे तिथेच सांगितलेलं असतं. बाकीची पानं पुष्कळदा ठोकळेबाज मजकुराची असतात. हा भाग तुमच्यासाठी लिहिलेला असतो.

आपल्या अभियंत्याच्या त्या ओळीत 8,000च्या जागी 20,000 युरो होते. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. त्याने पुरावा म्हणून भारतातले दोन ‘फॉर्म 16’ जोडले होते. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. पहिल्या फॉर्ममध्ये एप्रिल 2023 ते मार्च 2024 असे बारा महिने होते, दुसऱ्यात एप्रिल ते जून 2024 असे तीन. कार्यालयाने दोन्हींची बेरीज केली आणि सहाऐवजी पंधरा महिन्यांचा पगार 2024च्या खात्यात जमा झाला. करनिरीक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. मार्चला संपणारं वर्ष हा तिथल्या टेबलावर रोज येणारा प्रकार नाही.

आता मुदत. बेशाइडवर तारीख होती 10 जून 2025, मंगळवार, आणि त्याच दिवशी तो टपालात पडला. कायदा असं मानतो, की साध्या टपालाने पाठवलेला निर्णय पाठवल्यापासून चौथ्या दिवशी पोहोचला. 2024 संपेपर्यंत हा दिवस तिसरा होता. जर्मन टपालाला पत्र पोहोचवायला कायद्याने जास्त वेळ मिळाला, तसा 2025पासून तो चौथा झाला. चौथा दिवस 14 जून, पण तो शनिवार. अशा वेळी पुढचा कामाचा दिवस धरतात, म्हणून सोमवार 16 जून. तिथून एक महिना, म्हणजे हरकत 16 जुलै 2025च्या मध्यरात्रीपर्यंत कार्यालयात पोहोचायला हवी. टपालात टाकलेली नव्हे, पोहोचलेली.

या मोजणीत दोन बारकावे आहेत. पत्र दुसऱ्याच दिवशी मिळालं तरी चौथाच दिवस धरला जातो. मात्र ते खरोखर उशिरा, समजा नवव्या दिवशी आलं, तर प्रत्यक्ष आगमनाची तारीख लागू होते. म्हणून पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून ते पत्रासोबतच ठेवावं. पिवळं पाकीट आलं तर ते ठेवायलाच हवं: त्यावर पोस्टमनने हाताने तारीख घातलेली असते आणि मुदत तिथूनच मोजतात. चार दिवसांचा हिशेब त्याला नाही.

गणपतीला पुण्यात तीन आठवडे असताना पत्र पेटीत पडलं, तरी घड्याळ चालू राहतं. सुट्टीसारख्या निर्दोष कारणाने मुदत हुकली, तर ती माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण अडचण संपल्यापासून एका महिन्यात, आणि राहिलेली हरकतही त्याच वेळेत द्यावी लागते. "मला जर्मन येत नाही" हे कारण मात्र सहसा चालत नाही. पत्र अधिकृत दिसत असेल, तर ते कोणाकडून तरी लगेच समजून घेणं ही तुमचीच जबाबदारी, असा तिथला दृष्टिकोन. परक्याला तो कठोर वाटतो, आणि तो आहेही.

हरकतीचं पत्र मात्र वाटतं त्यापेक्षा खूप सोपं असतं. करप्रकरणात त्याला ‘आइनश्प्रुख’ म्हणतात. ते फुकट असतं, वकील लागत नाही. लेखी देता येतं, सरकारच्या ‘एल्स्टर’ या संकेतस्थळावरून पाठवता येतं किंवा कार्यालयात जाऊन तोंडी नोंदवता येतं. मथळा चुकला तरी हरकत अवैध होत नाही. त्यात हवं ते इतकंच: करक्रमांक, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या तारखेचा निर्णय, आणि तो मान्य नसल्याचं एक वाक्य. कारणं व कागद नंतर पाठवले तरी चालतात, म्हणून मुदत जवळ आली असेल तर आधी ते एक वाक्य धाडून द्यावं. कामकाजाची भाषा जर्मन. इंग्रजी कागदाचं भाषांतर कार्यालय मागू शकतं.

अभियंत्याच्या पत्रात तीन वाक्यं पुरली. परदेशी उत्पन्न जानेवारी ते जून 2024 एवढंच धरावं. जोडलेल्या फॉर्मपैकी पहिल्यातले एप्रिल ते डिसेंबर 2023 हे महिने करवर्षाबाहेरचे आहेत. सोबत सहा महिन्यांच्या पगारपावत्या. अशी दुरुस्ती मान्य झाली, की सुधारित बेशाइड येतो आणि त्याच्या बाबतीत सुमारे 1,100 युरोंचा फरक जमा होतो.

हरकतीने दोन गोष्टी होत नाहीत, आणि इथे लोक फसतात. कार्यालयाने परतावा देण्याऐवजी पैसे मागितले असतील, तर हरकत घेतल्याने भरणा थांबत नाही. तो थांबवण्याची वेगळी विनंती करावी लागते, नाहीतर थकबाकीवर दर सुरू झालेल्या महिन्याला एक टक्का दंड चढतो. दुसरं, हरकत आली की कार्यालय संपूर्ण प्रकरण पुन्हा उघडतं. तुमच्या विरुद्ध जाणारी चूक सापडली, तर कर वाढूही शकतो. पण तसं करण्याआधी इशारा द्यावा लागतो, आणि तो आल्यावर हरकत मागे घेता येते.

हे सगळं एकट्याने पेलत नसेल, तर करसल्लागाराइतकी महाग नसलेली एक सोय आहे: पगारदारांना करविषयक मदत करणाऱ्या सदस्यसंस्था. वार्षिक वर्गणी उत्पन्नाच्या प्रमाणात असते आणि त्यातच विवरणपत्र, बेशाइडची तपासणी व हरकत येते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला मात्र त्यांचा उपयोग नाही. व्हॉट्सॲप गटावरचा अनुभवी मित्र प्रश्न कळायला मदत करतो, पण त्याचा बेशाइड आणि तुमचा बेशाइड वेगळे असतात. तो जानेवारीत आला असेल, तर परदेशी उत्पन्नाची ती ओळ त्याने पाहिलेलीच नसते.

यंदा जाणाऱ्यांसाठी एक काम भारतातच उरकण्यासारखं आहे. राजीनामा मंजूर झाला, की बऱ्याच कंपन्या पगाराच्या पोर्टलचा प्रवेश बंद करतात आणि मग जर्मनीतून महिनेवार पावत्या मागण्यात आठवडे जातात. जानेवारीपासून शेवटच्या दिवसापर्यंतची प्रत्येक पावती, तसंच रजेच्या पैशांचा व अंतिम हिशेबाचा कागद उतरवून घ्यावा. त्यावर कोणत्या महिन्यासाठीचे पैसे कोणत्या तारखेला मिळाले हे स्पष्ट असावं, कारण विमानात बसल्यानंतर खात्यात जमा झालेल्या रकमेबद्दल कर कार्यालय वेगळा प्रश्न विचारतं.