आकड्यांची साखळी आणि बाद फेरीचा तक्ता

जपानमधल्या अ‍ॅटकोडर या संस्थेच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धा जगभरातले विद्यार्थी सोडवतात. सप्टेंबर २०२० मध्ये या संस्थेने नवशिक्यांसाठी घेतलेल्या एका स्पर्धेत ‘फ्लॅट सबसिक्वेन्स’ नावाचा प्रश्न होता. आकड्यांची एक यादी आणि k ही मर्यादा दिलेली असते. यादीतले हवे ते आकडे गाळायचे, पण उरलेल्यांचा क्रम बदलायचा नाही. उरलेल्या साखळीत शेजारशेजारच्या दोन आकड्यांतला फरक k पेक्षा जास्त असता कामा नये. अशी जास्तीत जास्त किती लांब साखळी मिळेल?

एक छोटी यादी घेऊ: ४, ६, ३, ८, २, ४, ५, ९. k आहे २. पहिल्यांदा सुचतो तो मार्ग असा: ४ पासून निघायचं आणि बसेल तो आकडा घेत जायचं. ४ नंतर ६ बसतो, ३ बसत नाही, ८ बसतो, मग थेट ९. साखळी झाली चार आकड्यांची. पण ६ सोडून दिला असता तर ४, ३, २, ४, ५ अशी पाच आकड्यांची साखळी मिळाली असती. समोर आलेला आकडा घ्यावा की सोडावा, हे पुढे काय येणार यावर ठरतं आणि ते त्या क्षणी ठाऊक नसतं.

म्हणून निर्णय घ्यायचाच नाही, नोंद ठेवायची. ०, १, २, ३ अशा प्रत्येक किमतीसाठी एक कप्पा करायचा. त्यात एवढंच लिहायचं की आतापर्यंत पाहिलेल्या यादीत या किमतीवर संपणारी सर्वांत लांब साखळी किती आकड्यांची आहे. साखळीत आधी कोणते आकडे होते, हे लक्षात ठेवायची गरज नाही, कारण पुढचा आकडा फक्त शेवटच्या आकड्याशी फरक मोजतो. ४ वर संपणाऱ्या दोन साखळ्या असतील तर त्यांना पुढे जोडता येणारे आकडे अगदी सारखेच असतात, म्हणून लांब तेवढी ठेवली तरी काही हरवत नाही.

समजा, नवा आकडा x आला. तो x−k ते x+k यांपैकी कोणत्याही किमतीवर संपलेल्या साखळीला जोडता येतो. त्या कप्प्यांतली सर्वांत मोठी नोंद शोधायची, त्यात एक मिळवायचा आणि उत्तर x च्या कप्प्यात लिहायचं.

आपल्या यादीवर हे चालवून पाहू. ४ आला तेव्हा सगळे कप्पे रिकामे, म्हणून ४ पुढे १. सहासाठी ४ ते ८ हे कप्पे पाहायचे. तिथे १ आहे, म्हणून ६ पुढे २. तीनसाठी १ ते ५ पाहायचे, म्हणून ३ पुढेही २. आठला ६ ची नोंद मिळते, त्याच्यापुढे ३. दोनला ३ ची नोंद मिळते, त्याच्यापुढेही ३. आता ४ पुन्हा येतो. २ ते ६ या कप्प्यांत ३, २, १, ०, २ अशा नोंदी आहेत. सर्वांत मोठी ३, म्हणून ४ पुढे आधीचा १ खोडून ४ लिहायचे. नवी नोंद जुनीपेक्षा लहान निघेल अशी भीती नाही, कारण पाहिलेल्या कप्प्यांत ४ चा स्वतःचा कप्पाही असतोच. पाचपुढे ५ येतात. शेवटच्या नऊला ८ ची ३ ही नोंद मिळते, म्हणून त्याच्यापुढे ४. उत्तर ५ आहे, आणि ते शेवटच्या आकड्याच्या कप्प्यात नाही. सगळ्या कप्प्यांतली सर्वांत मोठी नोंद हेच उत्तर.

आता खरी अडचण. त्या स्पर्धेत यादी तीन लाख आकड्यांची असू शकत होती, किमतीही तीन लाखांपर्यंत आणि k सुद्धा तेवढाच. प्रत्येक आकड्याची आधीच्या सगळ्यांशी तुलना केली तर साधारण ४,५०० कोटी तुलना होतात. कप्पे एकेक करून चाळले तरी k मोठा असताना काम त्याच मापाचं राहतं.

इथे सेगमेंट ट्री कामाला येते. तिची रचना कबड्डीच्या बाद फेरीच्या तक्त्यासारखी असते. सगळ्यांत खाली कप्पे, दोन-दोन कप्प्यांतली मोठी नोंद वरच्या घरात, त्या घरांतल्या दोन-दोनमधली मोठी त्याच्या वर, असं करत टोकाला एकच घर. दुसऱ्यांदा ४ आला तेव्हा आपल्याला २ ते ६ मधली मोठी नोंद हवी होती. पाच कप्पे उघडायची गरज नाही. ‘२-३’ या घरात ३ आहे, ‘४-५’ या घरात १ आहे आणि ६ च्या कप्प्यात २. तीन जागा पाहिल्या की झालं. नोंद बदलल्यावर त्या कप्प्यापासून टोकापर्यंतची घरं तेवढी सुधारायची. टोकाच्या घरात अंतिम उत्तर आयतंच मिळतं.

तीन लाख किमतींसाठी असा तक्ता कप्प्यांच्या वर १९ पायऱ्यांचा होतो. एका आकड्यामागे शोधायला फार तर ३८ च्या आसपास आणि सुधारायला २० घरं. सगळं मिळून काम पावणेदोन कोटींच्या घरात येतं. साधा संगणकही ते सहज करतो.

चुका बहुधा कडेला होतात. x−k शून्याखाली गेला तर शून्यावर थांबावं लागतं. अनेक तयार लायब्ररींत शोधाची उजवी सीमा वगळलेली असते, त्यामुळे x+k नव्हे, x+k+१ द्यावा लागतो. हे विसरलं तरी आपल्या यादीचं उत्तर ५ च येतं आणि चूक लपून राहते, कारण त्या साखळीत बरोबर २ ने खाली येणारं पाऊल नाही. ती पकडायचा सोपा उपाय म्हणजे यादी उलटी करून चालवणं. फरकाची अट दोन्ही दिशांना सारखीच असल्यामुळे उत्तर तेच यायला हवं. चुकीचा प्रोग्रॅम उलट्या यादीवर ४ देतो.

दुसरी चूक किमती अब्जांत असताना होते. तेवढे कप्पे करता येत नाहीत, म्हणून किमती क्रमाने लावून त्यांना ०, १, २ असे अनुक्रमांक देतात. पण फरक मूळ किमतींचाच मोजायला हवा. १०, १०००, ११ या यादीत ११ आणि १००० यांचे अनुक्रमांक शेजारचे आहेत, किमतींत मात्र ९८९ चं अंतर आहे. म्हणून x−k आणि x+k या सीमा मूळ किमतींत काढायच्या, त्यांच्या आत बसणारा पहिला आणि शेवटचा अनुक्रमांक शोधायचा आणि मगच तक्त्याला विचारायचं.

आणि k दोन-तीन इतका लहान असेल, किमतीही आवाक्यातल्या असतील, तर हा तक्ता मांडूच नये. पाच-सात कप्पे सरळ चाळणं सोपं पडतं आणि तेवढंच पुरेसं असतं.