रंग गेला तरी नकाशा उरावा

इतिहासाच्या तासासाठी मी एकदा संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा तयार केला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्याला हैदराबाद राज्यातून मराठवाड्याचे पाच आणि मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे जोडले गेले. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. जुन्या मुंबई राज्याकडील भाग मी लाल, विदर्भ हिरवा आणि मराठवाडा पिवळा दाखविला होता. संगणकाच्या पडद्यावर तो फार देखणा दिसे. पौडला जाऊन त्याच्या साठ झेरॉक्स प्रती काढल्या आणि वर्गात वाटल्यावर चूक उमगली. लाल व हिरवा भाग एकाच करड्या छटेत मिसळून गेले होते, त्यांतील काळी नावे वाचता येत नव्हती आणि मराठवाडा तर कोरा कागद झाला होता. "हिरव्या भागातील जिल्हे लिहा" या प्रश्नासमोर मुले गोंधळून बसली होती. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या नकाशाचा होता.

झेरॉक्स यंत्राला रंगाचे नाव कळत नाही. तो रंग किती उजळ आहे, एवढेच ते पाहते. या उजळपणाचा हिशेब करण्याची एक प्रचलित रीत आहे. संगणकात प्रत्येक रंग लाल, हिरवा व निळा या तीन घटकांच्या ० ते २५५ अशा आकड्यांनी बनतो. लाल घटकाचे सुमारे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के आणि निळ्याचे ११ टक्के घेऊन बेरीज केली की करडी छटा मिळते. त्यात ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. माझा लाल (२५५, ०, ०) होता, त्याची छटा ७६ आली. माझा गडद हिरवा (०, १२८, ०) होता, त्याची ७५. डोळ्यांना परस्परविरोधी वाटणारे दोन रंग यंत्राच्या लेखी जवळजवळ एकच होते. पिवळ्याची (२५५, २५५, ०) छटा २२६, म्हणजे कागदाच्या जवळची. प्रत्येक यंत्र नेमके याच प्रमाणाने पाहते असे नाही. काही यंत्रांत फिकट निळा पार नाहीसा होतो, तर लाल काळा उमटतो.

दुसरी अडचण शाईची. यंत्रात टोनर फक्त काळा असतो. करडी छटा बारीक काळ्या ठिपक्यांनी भासविली जाते. प्रतीवरून पुन्हा प्रत काढली की फिकट ठिपके गळतात आणि गडद भागातील ठिपके एकमेकांत मिसळून डाग होतो. म्हणून केवळ करड्या छटांवर विसंबणे धोक्याचे आहे. ठळक काळ्या रेषा मात्र अनेक प्रतींनंतरही टिकतात.

तो नकाशा मी पुन्हा केला, तो असा. जुन्या मुंबई राज्याकडील भाग कोरा ठेवला. मराठवाड्यात एक पॉइंट जाडीच्या तिरप्या रेषा तीन मिलिमीटर अंतराने आखल्या. विदर्भात दीड मिलिमीटर अंतराच्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी केली. पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर. त्यामुळे मराठवाड्यात सुमारे १२ टक्के आणि विदर्भात सुमारे ४० टक्के कागद काळा होतो. म्हणजे नक्षीही वेगळी आणि छटाही वेगळी. येथे एक सापळा आहे. एका भागात उजवीकडे आणि शेजारच्या भागात डावीकडे झुकणाऱ्या, पण सारख्याच अंतराच्या रेषा दिल्या, तर दोन्हींची छटा एकच राहते व दुरून सीमा हरवते. हे तिन्ही प्रदेश परस्परांना लागून असल्याने तिघांतही छटेचा फरक हवाच.

संगणकातील तयार नक्षी बहुधा फार बारीक असते आणि प्रतीत ती करड्या डागासारखी होते. मूळ प्रतीवर पट्टी व काळ्या पेनाने आखलेल्या रेषा अधिक भरवशाच्या. जिल्ह्यांची नावे नक्षीवर थेट न लिहिता पांढऱ्या चौकटीत लिहिली. राज्याची सीमा जाड अखंड रेषेने, जिल्ह्यांची तुटक रेषेने दाखविली. रंग हवाच असेल तर नक्षीखाली अगदी फिकट द्यावा. प्रतीत तो उडाला तरी काही बिघडत नाही. प्रश्नाचे शब्दही बदलले: "जाळीच्या भागातील जिल्हे लिहा." लाल-हिरव्यातील भेद न दिसणाऱ्या मुलालाही हा प्रश्न सोडविता येतो.

शेवटी पारख. मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढून छटा एक झाल्या आहेत का, हे चटकन कळते. पण ते यंत्रापेक्षा सौम्य असते. त्यामुळे साठ प्रती सांगण्यापूर्वी एक प्रत काढावी, त्या प्रतीची आणखी एक प्रत काढावी आणि ती वर्गाच्या शेवटच्या बाकावरील मुलाच्या हाती द्यावी. नकाशाची माहिती नसलेल्या त्या मुलाने तिन्ही भाग बोटाने अचूक दाखविले, तरच बाकीच्या प्रती काढाव्यात.