कोटेशन महाग की स्वस्त? आधी कागद वाचू या

गेल्या महिन्यात आपल्या गटातल्या एका वहिनींनी माझ्या मोबाईलवर एका कागदाचा फोटो पाठवला. सोबत एक शब्दही नाही. घरदुरुस्तीचं कोटेशन होतं, खाली एकूण ७५,००० रुपये. मागोमाग फोन आला, "ताई, महाग आहे का हो?" मी म्हटलं, "आत्ताच कसं सांगू? आधी कागद नीट वाचू."

पहिली ओळ होती: फरशी बदलणे, २०० चौरस फूट, दर १३० रुपये, एकूण २६,०००. आम्ही टेप लावला. माजघर १२ बाय १०, म्हणजे १२०. स्वयंपाकघर १० बाय ८, म्हणजे ८०. माप बरोबर निघालं. पण पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "फरशी ४० रुपये फुटापर्यंत." वहिनींना आवडलेली फरशी ६० रुपयांची. म्हणजे फुटामागे २० रुपये जादा, एकूण ४,००० रुपयांची वाढ. कापताना वाया जाणारी फरशी वेगळीच.

दुसरी ओळ: प्लास्टर, १६,०००. माप नाहीच. दोन भिंती, प्रत्येकी १२ फूट लांब, १० फूट उंच, म्हणजे २४० चौरस फूट. भागाकार केला तर फुटाला सुमारे ६७ रुपये पडले. असा दर हाती आला, की दुसऱ्या मिस्त्रीला विचारता येतं.

तिसरी ओळ: न्हाणीघर दुरुस्ती, २५,०००. इथे काय लिहिलं नाही, तेच महत्त्वाचं. जुनं फोडलेलं डबर कोण उचलणार? नवे पाईप यात आहेत का? वॉटरप्रूफिंग आहे का? ते असेल तर फरशी बसवण्याआधी जाळीचं तोंड बंद करून २४ तास पाणी साठवायचं आणि खाली किंवा बाजूच्या भिंतीला ओल येते का ते बघायचं. हेही कागदावर लिहून घ्यावं. फरशी बसल्यावर गळती कळली, तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

शेवटची ओळ: किरकोळ, ८,०००. किरकोळ म्हणजे काय, ते ठेकेदारालाही सांगता येईना. ती ओळ काढायला लावली. जादा काम निघालंच, तर आधी विचारायचं, मग करायचं, असं ठरलं.

नव्या कागदात पाईप आणि वॉटरप्रूफिंगचे ९,००० आले, डबर उचलण्याचे ४,००० आले. बेरीज ८०,००० झाली. वहिनी म्हणाल्या, "ताई, हे तर वाढलं!" वाढलं नाही, मैत्रिणींनो. हा खर्च आधीही होताच, फक्त काम अर्ध्यावर आल्यावर कळला असता. आता तोच कागद रक्कम झाकून दुसऱ्या मिस्त्रीला दाखवला आहे. त्याचा आकडा आला, की महाग की स्वस्त ते सांगता येईल.