बारा खाटांचा वॉर्ड आणि बारा ऑगस्ट

बहुतेक रुग्णालयांत रात्री बारा वाजता प्रत्येक वॉर्डातले रुग्ण मोजले जातात. ड्यूटीवरच्या सिस्टर तो आकडा सेन्सस रजिस्टरमध्ये लिहितात, सकाळी तो ऑफिसात पोचतो आणि महिनाअखेरीला सगळ्या वॉर्डांचा मिळून एक तक्ता तयार होतो. कोणत्या वॉर्डाला खाटा कमी पडतात, कुठे रिकाम्या राहतात, हे त्याच तक्त्यावरून ठरायचं असतं. पण तो एक्सेलमध्ये उघडला की बऱ्याचदा कपाळाला हात लावायची वेळ येते.

नमुना म्हणून एप्रिल 2024 ची एक फाइल डोळ्यांसमोर आणू. आठ वॉर्ड, तीस दिवस. प्रत्येक वॉर्डाची एक ओळ, प्रत्येक तारखेचा एक कॉलम, आणि सेलमध्ये 25/30 असा मजकूर, म्हणजे तीस खाटांवर पंचवीस रुग्ण. मधूनच बेरजेच्या ओळी. ‘Surgery’ हे नाव एकदाच, त्याखाली मेल आणि फीमेल अशा दोन ओळी, त्यामुळे दुसऱ्या ओळीत विभागाची जागा कोरी. माणसाला हा तक्ता सहज वाचता येतो. संगणकाला मात्र त्यातून काहीही काढायचं तर एका ओळीत एकच नोंद हवी: तारीख, वॉर्ड, खाटा, रुग्ण. न्यूझीलंडचे संख्याशास्त्रज्ञ हॅडली विकहॅम यांनी 2014 च्या एका लेखात अशा मांडणीला ‘टायडी डेटा’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं.

कोरे सेल, बेरजेच्या ओळी हा पसारा निदान डोळ्यांना दिसतो, म्हणून तो आवरलाही जातो. मला भीती वाटते ती व्यवस्थित दिसणाऱ्या सेलची.

ही फाइल सीएसव्ही स्वरूपात आली आहे आणि ज्या संगणकावर ती डबल-क्लिक करून उघडली, त्याची तारखेची पद्धत अमेरिकन आहे, म्हणजे आधी महिना, मग दिवस. एक्सेल न विचारता कामाला लागतं. 01/04/2024 चा अर्थ ते 4 जानेवारी घेतं, 02/04/2024 चा 4 फेब्रुवारी, असं करत 12/04/2024 ची 4 डिसेंबर होते. तेरा तारखेपासून पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे ते हात टेकतं आणि उरलेल्या अठरा तारखा नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. म्हणजे ज्या अठरा बिघडलेल्या वाटतात त्या शाबूत आहेत, आणि ज्या बारा खऱ्या तारखा म्हणून मिरवतात त्यांतली फक्त चार एप्रिल बरोबर आहे, तीही योगायोगाने. ‘चुकीच्या’ अठरा कोणी काढून टाकल्या, तर हाती वर्षभरातली प्रत्येक महिन्याची चार तारीख उरेल.

ओळखायची खूण सोपी आहे. मुद्दाम काही बदललेलं नसेल, तर एक्सेल खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला ठेवतं आणि मजकूर डाव्या. एकाच रांगेतल्या तारखा दोन्हीकडे विभागलेल्या दिसल्या, की थांबावं.

याच उद्योगी स्वभावाचा दुसरा फटका रुग्णांच्या आकड्यांना बसतो. बारा खाटांच्या आयसीयूत आठ रुग्ण होते म्हणून कोणी 8/12 लिहिलं. या संगणकावर त्याचं 12-Aug झालं. तीस खाटांच्या वॉर्डातलं 25/30 वाचलं, कारण तशी तारीखच नसते. त्यामुळे हा घोळ लहान वॉर्डांत जास्त होतो, आणि लहान वॉर्ड म्हणजे बहुधा अतिदक्षता विभागच. तारखेच्या आड एक्सेल 1900 च्या आरंभापासून मोजलेला दिवसांचा आकडा ठेवतं. 12 ऑगस्ट 2024 साठी तो 45516 आहे. आयसीयूत पंचेचाळीस हजारांवर रुग्ण दिसले, तर ते आले कुठून हे आता कळेल. (जनुकशास्त्रज्ञांनी यापुढे हात टेकले: एक्सेल SEPT1 ची तारीख करतं म्हणून 2020 मध्ये त्या जनुकाचं नाव SEPTIN1 असल्याचं जाहीर झालं. आपल्याला आयसीयूच्या खाटा बदलता येत नाहीत.)

मूळ फाइल हरवली असेल, तर हा आकडा असा परत मिळतो:

```
=MONTH(C5)&"/"&DAY(C5)
```

उत्तर 8/12 येतं. क्रम बरोबर आहे का, हे खाटांवरून पडताळता येतं: मागचा आकडा त्या वॉर्डाच्या खाटांइतकाच, बारा, हवा. मूळ फाइल हाताशी असेल तर मात्र डागडुजी करू नये. ती डबल-क्लिक न करता Data मेनूतल्या From Text/CSV ने आणावी, तिथे Do not detect data types निवडावं, म्हणजे सगळं मजकूर म्हणूनच येतं. मग Unpivot Other Columns ने आडव्या तारखा उभ्या कराव्यात आणि तारखेच्या कॉलमचा प्रकार Using Locale वापरून English (India) असा सांगावा. शेवटी तारीख 2024-04-01 अशी ठेवली की ती कोणत्याही देशात एकाच अर्थाने वाचली जाते.

वॉर्डांच्या नावांसाठी युक्ती नको, यादी हवी. मार्चच्या फाइलीत MSW, एप्रिलमध्ये Male Surgical, कुठे नावाच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा. ही जागा कधी साधी नसते आणि नुसत्या TRIM ने जात नाही:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

त्यानंतर दोन कॉलमांची वेगळी शीट करावी: डावीकडे सापडलेलं प्रत्येक नाव, उजवीकडे ठरवलेलं एकच नाव, आणि XLOOKUP ने जोडणी. ‘साधारण सारखी’ नावं आपोआप जुळवणारी साधनं मी इथे वापरणार नाही. MSW आणि FSW मध्ये एकाच अक्षराचा फरक आहे, पण एक पुरुषांचा वॉर्ड आहे आणि दुसरा बायकांचा. यादीत नसलेल्या नावापुढे #N/A येतं, ते येऊ द्यावं. त्याजागी ‘इतर’ लिहिलं, तर उद्या उघडलेला नवा वॉर्ड कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आता मोजणी. आठ वॉर्ड गुणिले तीस दिवस म्हणजे 240 ओळी व्हायला हव्यात. 237 आल्या तर कारण बहुधा हे असतं: विभागाचं नाव Fill Down ने खाली ओढण्यासाठी कोणीतरी अख्ख्या तक्त्यातले कोरे सेल null करून घेतले, आणि Unpivot null असलेले सेल गुपचूप गाळतं. म्हणून तो बदल फक्त विभागाच्या कॉलमात करावा. Fill Down ही तिथेच. आकड्यांवर चालवलं, तर फीमेल वॉर्डाच्या कोऱ्या जागी मेल वॉर्डाचे रुग्ण येऊन बसतील. कोरा सेल म्हणजे शून्य रुग्णही नव्हे. त्या रात्रीचा आकडा आला नाही, एवढंच तो सांगतो, आणि तो भरायचा तर वॉर्डात फोन करून रजिस्टर पाहायला सांगावं लागतं.

34/30 हा आकडा मात्र दुरुस्त करू नये. चौघांना जमिनीवर गादी टाकून दिली असेल, तर भरणा 113 टक्केच होता. आणि टक्केवारी काढायची ती सगळ्यात शेवटी, रुग्णांच्या बेरजेला खाटांच्या बेरजेने भागून. आयसीयूचे 67 आणि त्या वॉर्डाचे 113 यांची सरासरी काढली तर 90 येते आणि दहा टक्के खाटा मोकळ्या असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात बेचाळीस खाटांवर बेचाळीस रुग्णांचा हिशेब आहे: आयसीयूत चार खाटा मोकळ्या, आणि दुसऱ्या वॉर्डात चौघं जमिनीवर.