घरचा मसाला आणि राज्याची वेस

कोल्हापुरांतील मंगळवार पेठेंत राहणाऱ्या एक प्रौढ गृहिणी घरीं कांदा-लसूण मसाला करून विकतात, असें समजूं. प्रथम शेजारपाजार, मग पुण्यामुंबईचे आप्त, आणि आतां सुनेच्या मदतीनें एका ऑनलाइन बाजारपेठेवर दुकान मांडण्याचा त्यांचा बेत आहे. महिन्याला 300 पाकिटें खपतात व पाकिटाची किंमत 200 रुपये आहे. म्हणजे वर्षाची विक्री 7 लक्ष 20 हजार रुपयांची झाली. केवळ माल विकणाऱ्यास वस्तु व सेवा कराची, म्हणजे लोकभाषेंतील जीएसटीची, नोंदणी महाराष्ट्रांत 40 लक्षांपुढें लागते. तेव्हां आपल्याला सरकारदरबारीं जाण्याचें कारण नाहीं, असा बाईंचा समज. तो पुरता खोटा नाहीं, पण अपुरा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही मर्यादा नफ्यावर मोजावयाची नसते. पाकीट 200 ला गेलें व बाजारपेठेनें आपली दलाली कापून 165 हातीं ठेवले, तरी कायदा 200 च धरतो. शिवाय एकाच पॅन क्रमांकावर चालणारे सारे धंदे एकत्र मोजले जातात. बाई फी घेऊन स्वयंपाकाचे वर्गही चालवूं लागल्या, तर ती सेवा ठरते आणि मर्यादा 40 लक्षांवरून 20 लक्षांवर येते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. पूर्वी अशा बाजारपेठेंतून माल विकणाऱ्याला एक रुपयाच्या विक्रीलाही नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना यांतून सूट मिळाली. मात्र ती कांहीं अटींवर. विक्रेत्यानें gst.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आपला पॅन, पत्ता व राज्य कळवून एक नामनोंद क्रमांक घ्यावयाचा असतो. हा क्रमांक म्हणजे जीएसटी नोंदणी नव्हे. त्यावर करही भरावा लागत नाहीं आणि विवरणपत्रेंही द्यावीं लागत नाहींत. पण तो एकाच राज्यापुरता असतो, आणि माल राज्याबाहेर विकावयाचा नाहीं, ही त्यांतील मुख्य अट.

कोल्हापूरच्या माणसाला हीच अट जाचते. तेथून मुंबई दूर आणि बेळगांव जवळ. पण मुंबई स्वराज्यांत, बेळगांव कर्नाटकांत. नणंदेच्या शेजारणीनें बेळगांवाहून दोन पाकिटें मागविलीं. सून म्हणाली, "आई, चारशें रुपयांचा तर प्रश्न, पाठवून देऊं." पण आंतरराज्य मालविक्रीला 40 लक्षांची मर्यादा लागूच नाहीं. (हस्तकलेच्या वस्तूंना निराळी सवलत आहे; मसाला तींत बसत नाहीं.) बाजारपेठ नामनोंदवाल्याची अशी मागणी स्वीकारणार नाहीं, परंतु फोनवर मागणी घेऊन कुरियरनें धाडलेलें पाकीटही त्याच नियमाखालीं येतें. नोंदणी आवश्यक असतां ती न केल्यास दंड 10 हजार रुपये किंवा बुडालेल्या कराइतका, यांत जो अधिक तो. चारशेंच्या विक्रीपायीं ही जोखीम सोसण्यासारखी नाहीं.

तर मग नोंदणीच करावी काय? तिला सरकारी फी नाहीं. पॅन, आधार, छायाचित्र व विजेचें बिल लागतें. घर सासऱ्यांच्या नांवावर असेल तर त्यांचें संमतिपत्रही जोडावें लागतें. खरा भार पुढें असतो. नोंदणी होतांच कर केवळ बेळगांवच्या पाकिटांवर नव्हे, तर सर्वच पाकिटांवर लागूं होतो. मसाल्यावर दर 5 टक्के. किंमत 200 च ठेवली तर त्यांतून सुमारें साडेनऊ रुपये कर जातो. 300 पाकिटांमागें महिन्याला जवळजवळ 2,857 रुपये. बाजारपेठेच्या दलालीवर व वेष्टनावर भरलेला कर त्यांतून वजा मिळतो, पण शेतकऱ्याकडून परभारें घेतलेल्या मिरचीवर वजा करण्यासारखें कांहीं नसतें. शिवाय विक्री शून्य असली तरी विवरणपत्र चुकवितां येत नाहीं. उशीर झाल्यास विलंबशुल्क पडतें. म्हणून राज्याबाहेरील गिऱ्हाईक महिन्यास दोन-चारच असेल, तर नामनोंद घेऊन राज्यांतच विकणें बाईंना सोईचें. बेळगांव-गोव्याकडून मागणी नियमित येऊं लागली, तर पाकिटाची किंमत 210 करून नोंदणी घ्यावी. पण ती पहिलें पाकीट रवाना होण्यापूर्वीं.

खाद्यपदार्थ असल्यामुळें आणखी एक कागद लागतो, आणि त्याला 40 लक्षांशीं कांहीं संबंध नाहीं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी अगदीं लहान घरगुती विक्रेत्यालाही आवश्यक आहे. धंदा मोठा झाला कीं नोंदणीऐवजीं परवाना घ्यावा लागतो. अर्ज FoSCoS या संकेतस्थळावर होतो. मिळणारा चौदा आंकड्यांचा क्रमांक पाकिटावर छापावयाचा असतो, आणि बाजारपेठाही दुकान उघडतांना तोच मागतात. म्हणून वेष्टनें छापावयास देण्याआधीं हा क्रमांक हातीं असावा. नाहीं तर हजार पाकिटांवर मागाहून चिठ्ठ्या चिकटवीत बसावें लागतें.