लाभांशाचे दोन आरसे : यील्ड आणि पेआउट रेशो

निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतला काही भाग समभागांत ठेवून त्याच्या लाभांशावर घरखर्च भागवावा, असा विचार करणारे गुंतवणूकदार बहुधा डिव्हिडंड यील्ड या एकाच आकड्याकडे पाहतात. एका समभागावर वर्षभरात मिळालेल्या लाभांशाला त्या समभागाच्या चालू बाजारभावाने भागून येणारी टक्केवारी म्हणजे यील्ड होय. तो मुदत ठेवीच्या व्याजदरासारखाच एक दर आहे, हा याबाबतचा सर्वांत रुजलेला गैरसमज आहे.

वस्तुस्थिती अशी, की मुदत ठेवीचा दर पुढील काळासाठी करार करून बांधलेला असतो, तर यील्डमधील लाभांश हा होऊन गेलेल्या वर्षाचा असतो आणि तो पुन्हा देण्याचे कोणतेही बंधन कंपनीवर नसते. शिवाय भाव हा या भागाकाराचा छेद असल्यामुळे, कंपनीविषयीच्या काळजीने भाव निम्म्यावर आला की लाभांशात एका पैशाचीही वाढ न होता यील्ड दुप्पट दिसू लागते. म्हणूनच असाधारण उंच यील्ड हे पुष्कळदा औदार्याचे नव्हे, तर लाभांश टिकणार नाही या बाजाराच्या शंकेचे लक्षण असते.

वेदांत लिमिटेड या खाण व धातू कंपनीचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. 2022-23 या आर्थिक वर्षात कंपनीने पाच अंतरिम लाभांश मिळून प्रति समभाग 101.50 रुपये जाहीर केले, आणि मार्च 2023 अखेरीस समभागाचा भाव सुमारे 275 रुपये असल्याने यील्ड जवळजवळ 37 टक्के दिसत होती. त्या दिवशी एखाद्या निवृत्ताने साडेपाच लाख रुपयांत 2,000 समभाग घेतले असते आणि हा आकडा खरा उत्पन्नदर मानला असता, तर त्याने वर्षाला 2,03,000 रुपयांची अपेक्षा धरली असती. प्रत्यक्षात 2023-24 साठी कंपनीने प्रति समभाग 29.50 रुपये दिले, म्हणजे त्या वर्षाच्या लाभांशापोटी त्याच्या हाती करापूर्वी 59,000 रुपये आले असते. गुंतवणुकीच्या मानाने हीही रक्कम लहान नाही, परंतु दोन लाखांच्या हिशेबावर बेतलेला औषधपाण्याचा आणि घरखर्चाचा अंदाज तिने सावरला नसता.

ही घट आधी ओळखता आली असती का, याचे उत्तर पेआउट रेशो या दुसऱ्या प्रमाणात मिळते. प्रति समभाग लाभांशाला प्रति समभाग निव्वळ नफ्याने भागले असता नफ्यातला किती हिस्सा वाटला गेला हे कळते, आणि या भागाकारात बाजारभाव कोठेही येत नाही. 2022-23 मध्ये वेदांतचा उपकंपन्यांसह एकत्रित नफा प्रति समभाग सुमारे 28.50 रुपये होता; म्हणजे कमावलेल्या प्रत्येक रुपयामागे साडेतीन रुपयांहून अधिक वाटले गेले होते.

वर्षाच्या नफ्याहून अधिक लाभांश कायद्याने देताच येत नाही, हा समज येथे गळून पडतो, कारण कंपनी कायदा मागील वर्षांच्या अवितरित नफ्यातूनही लाभांश देण्याची मुभा देतो. तथापि साठलेली गंगाजळी दरवर्षी नव्याने भरत नाही, आणि 2023-24 चा कमी झालेला लाभांशही त्या वर्षीच्या प्रति समभाग एकत्रित नफ्याहून अधिकच होता, ही बाब पुढील वर्षांचा अंदाज बांधताना विसरता येणार नाही.

याउलट उंच पेआउट रेशो म्हणजे नेहमीच धोका, असेही मानणे चुकीचे ठरेल. नव्या कारखान्यांची फारशी गरज नसलेली आणि कर्जमुक्त कंपनी नफ्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे निर्धास्तपणे वाटू शकते. धातू, कोळसा, तेल अशा तेजी-मंदीच्या धंद्यात मात्र नफाच इतका चढतो-उतरतो की एका वर्षाचे प्रमाण जवळजवळ निरर्थक असते आणि किमान पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावे लागतात. तोट्याच्या वर्षी तर हे प्रमाण काढूच नये.

लाभांशाची टक्केवारी हा आणखी एक फसवा आकडा आहे. एक रुपया दर्शनी मूल्याच्या समभागावर ‘500 टक्के लाभांश’ म्हणजे केवळ पाच रुपये, आणि भाव 500 रुपये असेल तर यील्ड एकच टक्का भरते. यील्ड करापूर्वीची असते, हेही ध्यानात ठेवावे लागते, कारण 1 एप्रिल 2020 पासून लाभांश हा भागधारकाच्या उत्पन्नात धरला जाऊन त्याच्या कराच्या टप्प्यानुसार करपात्र होतो.

म्हणून निवृत्त गुंतवणूकदाराने घरखर्चाचा अंदाज बांधताना ताज्या यील्डवर न विसंबता, गेल्या पाच वर्षांतील सर्वांत कमी लाभांश आधारभूत धरावा, आणि तोही नफ्यातूनच दिला गेला होता का, हे वार्षिक अहवालातून तपासून घ्यावे.